मदत हवी आहे: आईसाठी स्वेटर, मेरिनो घेऊ की कॅशमिअर?

मंडळी, आई डिसेंबरमध्ये ताईकडे टोरांटोला चाललीये, पुण्याच्या थंडीतले स्वेटर तिथे काही कामाचे नाहीत आणि आईला लोकर अंगाला लागली की मानेला खाज सुटते, त्यामुळे नीट विचार करून घ्यायचंय.

मला कळलंय ते असं की खाज ही अ‍ॅलर्जी नसते बऱ्याचदा, तंतू जाड असले, म्हणजे साधारण 30 मायक्रॉनच्या पुढचे, की त्यांची टोकं वाकत नाहीत आणि त्वचेला टोचतात. कॅशमिअर 19 च्या आत, बारीक मेरिनोही जवळपास तेवढंच, लॅम्ब्सवूल मात्र कोकराच्या पहिल्या कातरणीची असली तरी जास्त जाड, म्हणून ती अंगालगत नको, शर्टावर चालेल. ऊब वजनाच्या मानाने कॅशमिअरची जास्त, पण लवकर गोळे येतात आणि किंमत बघून आई घालणारच नाही, कपाटात ठेवेल!

प्रश्न धुण्याचा आहे. सुपरवॉश मेरिनो मशीनच्या वूल सायकलवर चालतं म्हणे, बाकीचे दोन्ही गार पाण्यात हाताने, न पिळता, आडवे वाळवायचे. ताई सगळं एकत्र मशीनमध्ये टाकणारी आहे 😅

तर आतून पातळ सुपरवॉश मेरिनो आणि वर लॅम्ब्सवूलचं कार्डिगन, वाऱ्याला जॅकेट, असं पुरेल का? कोणी घातलंय? आणि पुण्यात लेबलवर मायक्रॉन लिहिलेलं मेरिनो कुठे हात लावून बघता येईल?