मदत हवी आहे: शेवट न फोडता वाचकाला सावध कसं करायचं?

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात एक इंग्रजी कादंबरी आहे. मुखपृष्ठावर गुलाबी पार्श्वभूमी, हसरं चित्रातलं जोडपं, मागे ‘रोमान्स’ असा शिक्का. प्रत्यक्षात दोन तृतीयांश पुस्तक झाल्यावर नायक मरतो आणि उरलेला भाग नायिकेच्या दुःखाचा. पुस्तक उत्तम आहे, तरी सभासद चिडून परत करतात.

मला त्यांचा राग पटतो. ‘रोमान्स’ हा शिक्का विषयापेक्षा शेवटाबद्दल जास्त सांगतो. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेच्या व्याख्येतही दोन अटी आहेत: प्रेमकथा केंद्रस्थानी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी. रहस्यकथेत खुनी सापडणार, हा जसा अलिखित करार, तसाच हा. दुःखी पुस्तक नको असं कुणी म्हणत नाही. त्या रात्री त्यांनी ते निवडलं नव्हतं, एवढंच. (आणि मुखपृष्ठ बहुधा लेखक ठरवत नाही, तरी शिव्या त्यालाच!)

‘प्रेम आणि शोक’ अशी चिठ्ठी लावली, तर मृत्यू आधीच फुटतो. नुसतं सामान्य कादंबऱ्यांच्या कप्प्यात हलवलं, तर गुलाबी मुखपृष्ठ पुन्हा फसवणारच. वाचनालय चालवणाऱ्यांनो, तुम्ही चिठ्ठीवर नेमकं काय लिहिता?