आत्याचं पत्र : पैसा आणि सकाळ कुठे लावू?

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या आत्याचं पत्र आलंय. तिच्या परवानगीने थोडं देतो.

"अनेक आशीर्वाद. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं. वीस लाख बँकेत नुसते पडलेत आणि सकाळ काही केल्या सरत नाही. देवदर्शन आणि एफडी सोडून काही नवीन सुचव बाप्पा. धुणंभांडी करणाऱ्या बाईंची पोरगी पाचवीत आहे, पण 'प्रश्न'ला 'परशन' वाचते. ते डोक्यातून जात नाही."

तुमचे अनुभव सांगा.

पोस्टातून निवृत्त काका, धरमपेठ : पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा, पण एकाच खात्यात नको. मी तीच चूक केली. मी ठेवले तेव्हा दर ८.२ टक्के होता, म्हणजे वीस लाखांवर दर तिमाहीला ४१,००० रुपये. दीड वर्षाने बायकोच्या गुडघ्यासाठी तीन लाख लागले. या खात्यातून थोडेसे काढता येत नाहीत, अख्खं बंद करावं लागतं. एक वर्षानंतर आणि दोन वर्षांच्या आत बंद केलं की मुद्दलातून दीड टक्का जातो, म्हणून तीस हजार गेले. पाच-पाच लाखांची चार खाती असती तर एकच मोडलं असतं आणि साडेसात हजारांत भागलं असतं.

दादा, मानेवाडा : पोस्टाचं व्याज करमुक्त असतं ना? मग विचार कसला?

पोस्टातले काका : या योजनेचं नाही हो. व्याज उत्पन्नात धरलं जातं. एकूण उत्पन्नावर कर शून्य बसत असेल तरच तसा फॉर्म भरून टीडीएस थांबवता येतो. आत्यांना पेन्शन आहे, तेव्हा आधी हिशेब करा.

एक काकू : मी गच्चीवर कुंड्यांत वांगी लावली. मे महिन्यात हिरवी जाळी लावूनही करपली. आत्यांनी पावसाळ्यात सुरुवात करावी.

निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर : मी वाचनवर्ग घेते. पहिल्या आठवड्यात चौदा पोरं बसवली, तेव्हा दोघंतिघंच वाचायची, बाकीची त्यांच्या मागून ओढत म्हणायची. एकेकाला अनोळखी ओळ वाचायला दिली तेव्हा ते उघडं पडलं. आता चारच घेते. 'प्रश्न' आधी कार्डांवर 'प्र' आणि 'श्न' असा सुटा दाखवते. 'प्र'मधला 'र' खाली तिरपी रेघ होऊन बसलाय, हे पोराला बोटाने गिरवायला लावते, मग 'प्रवास', 'प्रकाश'. 'श्न'ला जास्त दिवस लागतात, कारण तो 'श' अर्धा आहे हे ओळखूच येत नाही. उन्हाळ्यात वर्ग सकाळी सातलाच. खर्च वह्या आणि मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांचाच, तो व्याजातून निघतो. मुद्दलाला हात लावू नका.

भाचा : आत्याला फोनवर वाचून दाखवलं. चार खात्यांचं पटलं, उद्या पोस्टात जाते म्हणाली. वर्ग घरी घ्यावा की शाळेत विचारावं, ते मात्र ठरेना. त्या पोरीची आई म्हणते, घरीच बरं, शाळेत पोरगी लाजते.