मदत हवी आहे: कन्नड समन्सवरची तारीख १६ की १९?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या माझ्या आत्याला दिवाणी कोर्टाचं समन्स आलंय, सगळं कन्नडमध्ये. बेलिफाकडून सही करून घेतलं आणि चार दिवसांनी मला फोटो पाठवला, तोही घडी पडलेल्या कागदाचा! शेजारच्या मास्तरांनी वाचून सांगितलं: वाटणीचा दावा, आत्या प्रतिवादी नंबर ३, हजर राहिली नाही तर ‘एकपक्षीय’, म्हणजे आपलं एकतर्फी. पण तारीख नेमकी घडीवर. हाताने लिहिलेले कन्नड ६ आणि ९ सारखेच दिसतात, त्यामुळे १६ की १९ कळेना. तूर्त १६च धरलीय.

दुसरं, कैफियत ३० दिवसांत द्यायची आहे. माझ्या माहितीप्रमाणे हे दिवस समन्स हाती पडल्यापासून मोजतात. कारण पटलं तर कोर्ट ९० पर्यंत वाढवतं. आत्या मात्र हजेरीच्या तारखेपासून मोजतेय. बरोबर कोण?

दावा नंबर मिळाला तर ई-कोर्ट्सवर तारीख दिसेल, पण फोटोत तो कोपराच कापलाय. नवा मागवलाय. (इथे टाकत नाही, त्यावर घरातल्यांची नावं आहेत.) खानापूर कोर्टात वाटणीची कामं करणारे, मराठीत समजावणारे वकील कुणाला माहीत आहेत का? मूळ कागद आणि सोबतची दाव्याची नक्कल घेऊन याच आठवड्यात भेटायचंय.