मदत हवी आहे: काळपट गुळाची पोस्ट कशी लिहू?

लातूरजवळ घरच्या उसाचा गूळ करतो. शेतात रासायनिक खत नाही. काहिलीत मळी वर आणायला भेंडीच्या झाडाचा चीक वापरतो, रंग पिवळा करणारं हायड्रॉस अजिबात नाही. त्यामुळं ढेप तांबूस-काळपट निघते आणि गिऱ्हाईक फोटो बघूनच विचारतं, "मागच्या साली काढलेला हाय का?" उन्हात फोटो काढले, रंग तोच. "शंभर टक्के शुद्ध" लिहून पाहिलं, पण ते तर सगळेच लिहितात.

आता हा मसुदा आहे:

"या आठवड्यात काढलेला गूळ. प्रत्येक ढेपेवर काहील उतरवल्याची तारीख. रंग गडद, कारण पिवळा करायला हायड्रॉस घातलेला नाही. शंका असेल तर गुऱ्हाळावर या, समोर काढलेला घेऊन जा. #घरचागूळ #गुऱ्हाळ #विनाहायड्रॉस #लातूर #मराठवाडा"

सेंद्रिय प्रमाणपत्र नाही. माल थोडा, थेट गिऱ्हाइकालाच देतो, म्हणून ते काढलं नाही; त्यामुळं सेंद्रिय मालावरचा जैविक भारतचा लोगोही टाकत नाही. पावसाळ्यात गूळ पाझरतो, तेव्हा विक्री बंद. भाव पोस्टमध्ये टाकायचा नाही, तो फोनवरच सांगतो.

पहिल्या ओळीत तारीख ठेवू की रंगाचं कारण? आणि प्रमाणपत्र नसताना #सेंद्रियगूळ टाकला, तर वाचणाऱ्याचा भरवसा वाढेल की कमी होईल?