कराघात, करापात की करभार?

शब्दवेडी: अर्थशास्त्राच्या एका प्रकरणाचा अनुवाद करतेय. किलोमागे 2 रुपये कर सरकारने व्यापाऱ्याकडून घेतला, पण खिसा ग्राहकाचा हलका झाला. या दोन गोष्टींना वेगवेगळे शब्द हवेत. 'कराघात' आणि 'करभार' चालतील का?

पेठकर: फरक करायचाच कशाला? कर कोणताही असो, शेवटी गिऱ्हाईकच भरतं. पेट्रोल बघा.

बांधावरून: आमच्याकडे उलटं आहे. 2016 च्या जुलैत फळं-भाजीची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. पट्टीतली कपात गेली म्हणून मी खूश. पण भाव का चढला नाही, ते कळलं नाही.

पेठकर: अडत म्हणजे कर नव्हे.

जुनामास्तर: नव्हेच, ते सेवेचे पैसे, आणि तेही टक्क्यांत. पण गणित तेच. समजा कोथिंबीर घेणाऱ्याला किलोला 20 रुपयेच परवडतात. 2 रुपये त्याच्याकडून घेतले तर तो बोली 18 वर थांबवेल. शेतकऱ्याकडून घेतले तर बोली 20 वर जाईल आणि पट्टीत 2 कापले जातील. हातात 18 च. पावती कोणाच्या नावावर, हा कराघात. झळ कोणाला, हा करभार. तोडलेली कोथिंबीर परत नेता येत नाही, म्हणून त्या दिवशी सगळी झळ शेतकऱ्याला.

शब्दवेडी: आणि पुढच्या हंगामात?

जुनामास्तर: तेव्हा काही जण दुसरं पीक घेतील, म्हणजे पुरवठा थोडा लवचीक होईल. ग्राहकाचा वाटा काढायला पुरवठ्याच्या लवचिकतेला दोन्ही लवचिकतांच्या बेरजेने भागा. पुरवठ्याची 0.5, मागणीची 1.5 धरली तर ग्राहकाकडे पाव हिस्सा: 50 पैसे. दीड रुपया शेतकऱ्याचा. आकडे उलटे केले तर वाटेही उलटतात. जो बाजूला सरकू शकत नाही, त्याच्यावर जास्त. पेट्रोलवाला रोजचा प्रवास टाळू शकत नाही, म्हणून पेठकरांना तसं दिसतं. मात्र हे सूत्र लहान कराला आणि पुष्कळ विक्रेते-खरेदीदार असलेल्या बाजारालाच नीट बसतं. चारच व्यापारी संगनमताने बोली लावत असतील तर सोडा.

बांधावरून: चारच असतात हो, तेही एका टेबलावर चहा पिणारे.

पेठकर: मग अडत कोणाकडून घ्यायची यावर व्यापाऱ्यांनी बंद कशाला केला? फरकच पडत नसेल तर?

जुनामास्तर: भाव लगेच सरकत नाही, तोवर पदरचे जातात. शिवाय वसुलीची कटकट कोणाला हवी?

शब्दवेडी: माझी अडचण वेगळीच. 'करभार' म्हटलं की वाचक एकूण कराचं ओझं समजतो. 'करापात' घेऊ?

जुनामास्तर: 'कराघात'शेजारी 'करापात' ठेवलात तर विद्यार्थी परीक्षेत हमखास गोंधळणार. मी वर्गात 'झळ' म्हणायचो.

शब्दवेडी: 'झळ' संपादक छापू देणार नाहीत. आणि हो, 'लवचीक' दीर्घ आणि 'लवचिकता' ऱ्हस्व, हे बरोबर लिहिलंत. माझ्या मूळ मसुद्यात दोन्ही दीर्घ आहेत.

बांधावरून: 'अंगावर पडणं' चालेल का?