रक्तातला ग्रॅम-निगेटिव्ह संसर्ग: सात दिवसांवर थांबावे की चौदा पूर्ण करावेत?

मीनल: माझ्या बाबांचे वय ६७ असून त्यांना मधुमेह आहे. गेल्या शनिवारी रात्री थंडीतापाने त्यांना दाखल केले आणि सेफ्ट्रियाक्सोन हे प्रतिजैविक सुरू झाले. सोमवारी लघवी आणि ब्लड कल्चर दोन्हींत इ. कोलाय हा ग्रॅम-निगेटिव्ह जंतू आला, पण सेफ्ट्रियाक्सोनला दाद न देणारा. त्या संध्याकाळपासून मेरोपेनेम चालू आहे. मूत्रवाहिनीत खडा अडकून उजवी किडनी फुगली होती, म्हणून मंगळवारी लघवीला वाट करून देणारी नळी, म्हणजे डीजे स्टेंट, घातला. गुरुवारपासून ताप नाही. डॉक्टर म्हणतात, येत्या सोमवारी सात दिवस भरतील, मग औषध बंद करू. दाखल होऊन आज आठवा दिवस आहे, तेव्हा हा हिशेब मला कळला नाही. शिवाय नात्यातले एक डॉक्टर चौदा दिवस पुरे करा म्हणून आग्रह धरतात. कोणाचे ऐकावे?

निवृत्त फिजिशियन, सांगली: चौदा दिवसच करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. संसर्ग रक्तापर्यंत पोचला आहे, रुग्ण मधुमेही आहे आणि किडनी तुंबलेली होती. अशा माणसाचे औषध ताप उतरल्याबरोबर थांबवणे मला पटत नाही. अर्धवट डोस घेतला की उरलेले जंतू औषधाला निगरगट्ट होतात, हे आम्ही क्षयरोगात डोळ्यांनी पाहिले आहे. किडनी मोकळी केली हे उत्तम झाले, कारण तुंबारा तसाच राहिला असता तर कितीही दिवस इंजेक्शने देऊन उपयोग झाला नसता.

संसर्गरोगतज्ज्ञ, पुणे: सर, तुमचे शेवटचे वाक्य या प्रकरणाचा गाभा आहे आणि मीनलताईंच्या हिशेबाचे उत्तरही त्यातच आहे. दिवस मोजायचे ते जंतूवर खरोखर चालणारे औषध सुरू झाल्यापासून, आणि संसर्गाचे मूळ कोंडलेले असेल तर ते मोकळे झाल्यापासून. शनिवार ते सोमवार दिलेले सेफ्ट्रियाक्सोन या इ. कोलायवर चालतच नव्हते, म्हणून ते दिवस धरायचे नाहीत. मेरोपेनेम सोमवारी सुरू झाले, पण तुंबलेल्या किडनीतला जंतुमय निचरा मंगळवारी मोकळा झाला. मंगळवार पहिला दिवस धरला तर पुढचा सोमवार सातवा येतो. तुमच्या डॉक्टरांनी काटेकोर मोजणी केली आहे.

आता सात का, याविषयी. इस्रायल आणि इटलीतल्या ६०४ रुग्णांवर याच प्रश्नाची चाचणी झाली. सातव्या दिवशी ज्यांची प्रकृती स्थिर होती आणि ज्यांना किमान ४८ तास ताप नव्हता, त्यांच्यात सात आणि चौदा दिवसांच्या परिणामांत फरक दिसला नाही. त्यानंतर २०२४ मध्ये ‘बॅलन्स’ ही खूप मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत ७४ रुग्णालयांतले ३६०८ रुग्ण होते आणि निम्म्याहून अधिक जण नावनोंदणीच्या वेळी अतिदक्षता विभागात होते. नव्वद दिवसांतील मृत्यू सात दिवसांच्या गटात १४.५ टक्के, तर चौदाच्या गटात १६.१ टक्के होते. संसर्ग उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे २.६ आणि २.२ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते.

क्षयरोगाचा दाखला मात्र येथे लागू पडत नाही. क्षयाचे जंतू संथपणे वाढतात आणि दीर्घकाळ दबा धरून राहतात, म्हणून तेथे महिनोन्महिने औषध लागते. इ. कोलायच्या बाबतीत मूळ मोकळे झाले आणि रुग्ण सावरला की जादा आठवडाभर दिलेले मेरोपेनेम मुख्यतः आतड्यातल्या इतर जंतूंवर काम करत राहते आणि त्यांतले औषधाला न जुमानणारेच मागे उरतात.

सुहास, ठाणे: सात दिवस म्हणजे जिवाशी खेळ आहे. माझ्या आईला डायलिसिसच्या कॅथेटरमधून रक्तात संसर्ग झाला, तेव्हा पूर्ण सहा आठवडे इंजेक्शने दिली आणि हृदयाची सोनोग्राफीसुद्धा दोनदा केली. रक्तातला संसर्ग तो रक्तातला संसर्ग. एकाला सहा आठवडे आणि दुसऱ्याला सात दिवस, हे कसे?

संसर्गरोगतज्ज्ञ, पुणे: सुहासराव, आईंच्या अहवालात स्टॅफिलोकोकस ऑरियस असे नाव होते का? तो जंतू हृदयाच्या झडपांवर आणि मणक्यांत जाऊन बसतो, म्हणून हृदयाची सोनोग्राफी, पुन्हा पुन्हा ब्लड कल्चर आणि लांबलचक उपचार हे सारे आवश्यक असते. ‘बॅलन्स’मध्ये असे रुग्ण घेतलेच नव्हते.

सुहास, ठाणे: हो, स्टॅफिलोकोकसच होता.

अतिदक्षता डॉक्टर, नागपूर: मीनलताईंच्या बाबांसाठी सात दिवस मलाही मान्य आहेत. माझा आक्षेप वेगळा आहे. ‘बॅलन्स’मध्ये कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे सात देश होते, भारत नव्हता. माझ्या विभागात रक्तात सापडणारा क्लेबसिएला हा दुसरा ग्रॅम-निगेटिव्ह जंतू कित्येकदा मेरोपेनेमलाही दाद देत नाही आणि मग कोलिस्टिनसारख्या किडनीला जाचक औषधावर भिस्त ठेवावी लागते. अशा रुग्णाला सातव्या दिवशी थांबवायचे कशाच्या बळावर? शिवाय त्या चाचणीत सात दिवसांच्या गटातल्या सुमारे २३ टक्के रुग्णांना प्रत्यक्षात ठरल्यापेक्षा जास्त दिवस औषध मिळाले. म्हणजे खाटेजवळच्या डॉक्टरांना जे रुग्ण धोक्याचे वाटले, त्यांच्या बाबतीत त्यांनी हात आखडला नाही. ‘जादा औषधाने जंतू निगरगट्ट होतात’ हे तत्त्वतः खरे असले, तरी त्या चाचणीत प्रतिरोधक जंतू सापडण्याचे प्रमाण दोन्ही गटांत साधारण सारखेच होते, हेही सांगितले पाहिजे.

संसर्गरोगतज्ज्ञ, पुणे: शेवटचा मुद्दा रास्त आहे, तो मी सांगायला हवा होता. तेवीस टक्क्यांबद्दल इतकेच म्हणेन की नियमाप्रमाणे उपचार झालेल्यांचे वेगळे विश्लेषण केले तरी निष्कर्ष बदलला नाही. पण मेरोपेनेमला न जुमानणाऱ्या क्लेबसिएलाबद्दल तुमच्याशी वाद घालण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. तेथे मी दिवसांच्या आकड्यापेक्षा औषध खरोखर लागू पडले का, रक्तदाब औषधाविना टिकतो का आणि पोटात न काढलेला पू आहे का, हे पाहतो. सातव्या दिवशीही ताप असेल तर औषध नुसते लांबवण्याऐवजी मी पुन्हा सीटी स्कॅन सांगतो. बहुधा कोठेतरी गळू सापडते, आणि त्याचा निचरा झाला की दिवस पुन्हा एकपासून मोजतो.

निवृत्त फिजिशियन, सांगली: क्षयरोगाच्या तुलनेबद्दल तुमचे म्हणणे मी मान्य करतो. तरीही स्टेंट आत आहे, खडाही आत आहे. सोमवारी औषध थांबवल्यावर त्याच खड्याच्या आश्रयाने जंतू पुन्हा डोके वर काढणार नाहीत, याची हमी कोण देणार?

संसर्गरोगतज्ज्ञ, पुणे: हमी कोणीच देऊ शकत नाही, पण चौदा दिवसांनीही खडा आतच असेल. खड्याच्या आतले जंतू औषधाने मरत नाहीत. त्यासाठी खडाच काढावा लागतो. मीनलताई, म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा आहे की खडा आणि स्टेंट काढायची तारीख कोणती. त्या शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी लघवीचे कल्चर करावे आणि त्यानुसार शस्त्रक्रियेच्या वेळचे प्रतिजैविक ठरवावे. दरम्यान थंडी वाजून ताप आला, बाबा गोंधळल्यासारखे बोलू लागले किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. स्टेंटमुळे लघवीला जळजळ किंवा किंचित लाली असू शकते. तेवढ्यावरून कोणी पुन्हा प्रतिजैविक सुरू करू नये.

मीनल: डॉक्टरांशी आत्ताच बोलले. मोजणी मंगळवारपासूनच धरली आहे आणि खडा काढण्यासाठी साधारण तीन आठवड्यांनी बोलावले आहे. लघवीच्या कल्चरचा विषय त्यांनी काढला नव्हता; मी तो लिहून घ्यायला सांगितला. आमचे नातेवाईक अजून चौदावरच ठाम आहेत.

अतिदक्षता डॉक्टर, नागपूर: त्यांना हा धागा वाचायला द्या. माझा प्रश्न मात्र तसाच आहे: आपल्याकडच्या प्रतिरोधक क्लेबसिएलावर सात विरुद्ध चौदा अशी चाचणी झाल्याशिवाय मी माझ्या विभागात सरसकट सातचा नियम लावणार नाही.