मदत हवी आहे: क्लिपचं शीर्षक शोधात यावं, पण पंच फुटू नये

स्टँड-अपची 4 मिनिटांची क्लिप यूट्यूबवर टाकायची आहे. विषय: सोसायटीची मीटिंग, बंद लिफ्ट. शेवटी कळतं, लिफ्ट बंद पाडणारा सेक्रेटरीच!

‘सेक्रेटरीनेच लिफ्ट बंद पाडली’ लिहिलं तर हशा तिथेच संपतो. ‘शेवट चुकवू नका’ असं तर कुणीच शोधत नाही. म्हणून सेट-अपमधले शब्द घेतले: ‘सोसायटी मीटिंग आणि बंद लिफ्ट | मराठी स्टँड-अप’. मर्यादा 100 अक्षरांची असली तरी मोबाइलवर शेपूट कापलं जातं, त्यामुळे विषय आधी.

अडलंय ते वर्णनात. क्लिप एकदा पाहिलेला माणूस नंतर ‘सेक्रेटरी लिफ्ट’ असंच शोधणार. ‘सेक्रेटरी’ हा शब्द पहिल्या ओळीत नुसता पात्र म्हणून घालावा, की ‘अधिक’च्या खाली ढकलावा? चॅप्टरचं नावही पंच फोडतं, तिथे काय लिहिता?